उभ्या व्हिडिओतली अक्षरे: बटणांच्या वाटेतून बाजूला

उभ्या व्हिडिओची चौकट 1080 पिक्सेल रुंद आणि 1920 पिक्सेल उंच असते, पण अक्षरे निर्धास्तपणे लिहिता येतील अशी जागा तिच्या निम्म्याहूनही कमी भरते. इन्स्टाग्रामची रील असो की यूट्यूबचा शॉर्ट, पडद्यावर व्हिडिओ एकटा कधीच येत नाही. त्याच्यावर ॲपचा स्वतःचा एक थर असतो. उजव्या कडेला लाइक, कमेंट, शेअर यांची उभी रांग, खाली डावीकडे खात्याचे नाव, फॉलो किंवा सबस्क्राइबचे बटण, व्हिडिओसोबत लिहिलेले वर्णन आणि गाण्याचे नाव, तर वरच्या बाजूला शोध किंवा कॅमेऱ्याची खूण. हा थर व्हिडिओच्या फाइलमध्ये नसतो; ॲप तो पाहण्याच्या क्षणी वरून चढवते. त्यामुळे त्याच्याखाली येणारा दुकानाचा पत्ता, किंमत किंवा संवादाची ओळ फाइलमध्ये शाबूत असूनही प्रेक्षकाला दिसत नाही. या थराखाली कधीच न येणाऱ्या भागाला सेफ झोन म्हणतात.

चूक लक्षात न येण्याचे कारण व्हिडिओ तयार होण्याच्या पद्धतीतच आहे. एडिटिंगच्या ॲपमध्ये चौकट उघडी दिसते. बटणे नसल्यामुळे खालचा मोकळा भाग मजकुरासाठीच ठेवल्यासारखा वाटतो आणि बहुतेक तयार टेम्प्लेटही अक्षरे तिथेच टाकतात. मग फाइल मंजुरीसाठी व्हॉट्सॲपवर जाते. चॅटमध्ये व्हिडिओ उघडला की खालचे सगळे स्वच्छ वाचता येते, सगळ्यांचा होकार मिळतो आणि व्हिडिओ अपलोड होतो. जिथे काही झाकले जात नाही तिथे तपासणी झाली आणि जिथे झाकले जाते तिथे प्रेक्षक पोचला, असा हा घोळ आहे.

सुरक्षित भागाची कल्पना टीव्हीच्या काळापासून चालत आली आहे. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा खोक्याच्या चौकटीमागे जात आणि किती जातील हे प्रत्येक संचावर वेगळे असे. म्हणून चित्रीकरणात दोन मर्यादा पाळल्या जात: महत्त्वाची हालचाल मधल्या 90 टक्क्यांत आणि अक्षरे मधल्या 80 टक्क्यांत. सपाट पडदे आल्यावर कडा फारशा कापल्या जाईनात, तेव्हा 2009 मध्ये अमेरिकेतल्या एसएमपीटीई या चित्रपट-टीव्ही तंत्रज्ञांच्या संस्थेने या मर्यादा सैल करून अनुक्रमे 93 आणि 90 टक्क्यांवर आणल्या. टीव्हीवरचा तो कापला जाणारा भाग चारही बाजूंनी सारखा होता आणि वर्षानुवर्षे तसाच राहिला. फोनवरचा झाकला जाणारा भाग मात्र एकांगी आहे. खाली तो खूप, उजवीकडे बराच, वर थोडा आणि डावीकडे जेमतेम असतो. शिवाय ॲपच्या नव्या आवृत्तीबरोबर त्याचा आकार बदलू शकतो. टीव्हीच्या सवयीने चारही बाजूंना सारखा समास सोडून काम करणारा म्हणूनच फसतो. टीव्हीवर वाहिनीचा लोगो कोपऱ्यात शोभतो. फोनवर उजवे दोन्ही कोपरे आधीच ॲपच्या ताब्यात असतात.

किती जागा सोडायची याचे आकडे इन्स्टाग्राम आणि फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीने जाहिरातदारांसाठी दिले आहेत. रीलमधल्या जाहिरातीत वरचे सुमारे 14 टक्के, खालचे सुमारे 35 टक्के आणि दोन्ही बाजूंचे 6-6 टक्के अक्षरे व लोगो यांपासून मोकळे ठेवावेत, असे ती सांगते. पिक्सेलच्या हिशेबात वर सुमारे 270, खाली सुमारे 670 आणि प्रत्येक बाजूला 65. मधे 950 रुंद आणि 980 उंच असा जवळजवळ चौरस तुकडा उरतो. जाहिरात नसलेली साधी रील खालून एवढी झाकली जात नाही, कारण जाहिरातीत वर्णनाच्या जोडीला ‘अधिक माहिती’सारखे रुंद बटणही येते. तरीही साध्या रीलसाठी हीच मर्यादा धरणे शहाणपणाचे. आज साधी टाकलेली रील उद्या पैसे भरून जाहिरात म्हणून चालवली, तर अक्षरे पुन्हा हलवावी लागत नाहीत. स्टोरीच्या जाहिरातीत हिशेब सौम्य आहे: वर 14 आणि खाली 20 टक्के. रीलसाठी बसवलेला मजकूर स्टोरीत आपोआप बसतो, उलटे होत नाही.

हे टक्के काम करताना डोक्यात ठेवणे अवघड जाते. त्यापेक्षा चौकटीवर 120 पिक्सेलचे चौकोन आखावेत. रुंदीत बरोबर 9 आणि उंचीत बरोबर 16 चौकोन बसतात, उरत काही नाही. या जाळीत वरचे सव्वादोन चौकोन आणि खालचे साडेपाच ते पावणेसहा चौकोन अक्षरांसाठी बंद. चौकटीच्या मध्यापासून खाली उजवीकडचे दीड चौकोनही बंद, कारण मेटाचा 6 टक्क्यांचा समास बटणांच्या रांगेला पुरत नाही आणि काही फोनवर ती रांग खालच्या 35 टक्क्यांच्या रेषेवरही चढते. ही जाळी पारदर्शक चित्र म्हणून जपून ठेवली आणि एडिटिंग करताना सर्वांत वरच्या थरावर टाकली, की मजकूर कुठे बसतो ते तिथल्या तिथे दिसते. व्हिडिओ बाहेर काढण्याआधी ती काढून टाकायला मात्र विसरू नये. आखलेल्या जाळीसकट प्रसिद्ध झालेले व्हिडिओही अधूनमधून नजरेस पडतात.

इथे एक फरक सांभाळावा लागतो. सुरक्षित भाग अक्षरांसाठी असतो, चित्रासाठी नाही. चित्राने पूर्ण 1920 पिक्सेल भरलेच पाहिजेत. बटणांच्या भीतीने चित्र आक्रसून मधल्या तुकड्यात बसवले आणि वरखाली रंगीत पट्टे सोडले, तर व्हिडिओ लहान आणि परका दिसतो. बटणांखाली ओटा, टेबलाची कड, झाडे, आकाश असे काहीही जाऊ द्यावे. वाचायचे असते तेवढे मात्र तिथे जाता कामा नये.

एक कल्पित पण नेहमीचे उदाहरण घेऊ. एका बचत गटाने दिवाळीच्या फराळासाठी 30 सेकंदांची रील केली आहे. गटातल्या एक ताई भाजणीच्या चकलीबद्दल बोलत आहेत, त्यांच्या बोलण्याच्या दोन ओळी खाली उमटतात, गटाचा गोल लोगो उजव्या खालच्या कोपऱ्यात आहे आणि शेवटी पिवळ्या पट्टीवर मोबाइल नंबर येतो. एडिटिंगमध्ये हे नीटनेटके दिसते. जाळी टाकली की चित्र पालटते. 180 पिक्सेलचा लोगो वरून मोजता 1680 ते 1860 या पट्ट्यात आहे, म्हणजे बटणांच्या रांगेच्या खालच्या टोकाशी. संवादाच्या ओळी 1560 ते 1720 मध्ये आहेत. तिथेच खात्याचे नाव आणि वर्णन येते. पांढऱ्या अक्षरांवर ॲपची पांढरी अक्षरे चढतात आणि दोन्ही वाचता येत नाहीत. नंबराची पट्टी 1700 ते 1800 मध्ये. तिच्यावर वर्णन तर येतेच, शिवाय उजव्या टोकाचे दोन आकडे बटणामागे जातात, आणि आठ आकड्यांवर फोन लागत नाही.

दुरुस्तीची सुरुवात संवादाच्या ओळींपासून करावी, कारण सर्वांत जास्त जागा त्याच मागतात. त्यांची खालची कड 1230 च्या खाली जाऊ द्यायची नाही. अक्षरांची उंची 60 पिक्सेल धरली तर दोन ओळी, त्यांमधले अंतर आणि मागचा गडद चौकोन मिळून सुमारे 210 पिक्सेल लागतात, म्हणजे वरची कड 1020 च्या आसपास. रुंदीत उजवीकडचे 180 पिक्सेल बटणांसाठी सोडायचे आहेत. पण फक्त उजवीकडून सोडले तर ओळी डावीकडे कलल्यासारख्या दिसतात, विशेषतः बोलणारी व्यक्ती मध्यभागी असताना. म्हणून डावीकडूनही तेवढेच सोडून 720 पिक्सेलचा पट्टा घ्यावा. जाळीत तो बरोबर सहा चौकोनांचा होतो. एवढ्या रुंदीत एका ओळीत साधारण तीन-चार मराठी शब्द बसतात. ‘भाजणी मंद आचेवर खमंग भाजून घ्यायची’ हे वाक्य दोन ओळींत सहज मावते. याहून लांब वाक्य असेल तर अक्षरे बारीक करू नयेत. वाक्याचे दोन तुकडे करून एकामागून एक दाखवावेत.

ओळी अशा वर सरकल्या की नवा पेच उभा राहतो, तो चेहऱ्याचा. फोन समोर धरून बोलणारी व्यक्ती बहुधा चौकटीच्या ऐन मध्यावर येते, डोळे 900 पिक्सेलच्या आसपास. मग 1020 वर सुरू होणाऱ्या ओळी नेमक्या तोंडावर येतात आणि बोलणाऱ्याचे ओठच झाकले जातात. यावरचा खरा इलाज चित्रीकरणाच्या वेळीच करायचा असतो. फोन थोडा खाली झुकवून किंवा मागे नेऊन डोळे वरच्या तिसऱ्या भागात, 600 ते 650 च्या रेषेवर आणावेत. हनुवटी साधारण 850 पर्यंत येते, ओळी छातीवर उमटतात आणि हातातला सोऱ्या, परातीतल्या चकल्या त्याखाली राहतात. चकल्या थोड्या बटणांखाली गेल्या तरी चालते; त्या वाचायच्या नसतात.

चित्रीकरण आधीच झाले असेल तरी काही करता येते. चित्र 120 टक्के मोठे केले तर चौकटीबाहेर वर आणि खाली 192-192 पिक्सेल शिलकीत मिळतात. ते पूर्ण वर सरकवले की 900 वर असलेले डोळे सुमारे 700 वर येतात. ओळी हनुवटीच्या खाली जातात, आणि तेवढ्यावर बहुतेक वेळा भागते. किंमत अशी की डाव्या-उजव्या बाजूचा प्रत्येकी सुमारे 8 टक्के भाग कापला जातो आणि डोक्याच्या वर मुळात जागा कमी असेल तर केस छाटले जातात. मूळ चित्रीकरण फोरकेमध्ये असेल तर मोठे करूनही स्पष्टता टिकते. साध्या 1080 च्या चित्रीकरणात ते किंचित मऊ होते, पण झाकलेल्या ओळीपेक्षा ते परवडले.

लोगोला सर्वांत बरी जागा डावीकडे वर, पण अगदी कोपऱ्यात नाही. डावीकडून 70 आणि वरून 290 पिक्सेलवर सुरू होणारा 150 पिक्सेलचा लोगो सगळीकडे सुरक्षित राहतो. तो तिथे पाहताना आधी खटकतो, थोडा खाली उतरल्यासारखा वाटतो. फोनवर वरची ॲपची पट्टी दिसू लागली की तो तिच्याखाली व्यवस्थित बसलेला दिसतो. लोगो पूर्ण 30 सेकंद दाखवण्याची गरज नसते. खात्याचे नाव आणि चित्र ॲप स्वतःच खाली सतत दाखवते. तोच लोगो खात्याचे चित्र असेल, तर व्हिडिओत तो दुसऱ्यांदा मिरवण्यात फार हशील नाही. मोबाइल नंबराचे तसे नाही. तो पट्टीतून काढून शेवटच्या तीन-चार सेकंदांत स्वतंत्र पाटीवर, 600 ते 900 या मधल्या भागात, पाच-पाच आकड्यांच्या दोन ओळींत लिहावा. दोन ओळींमुळे आकडे मोठे करता येतात आणि उजव्या कडेपासून लांब राहतात. वर्णनातही तो टाइप करून ठेवावा, कारण चित्रातला नंबर पाहून लिहून घ्यावा लागतो.

देवनागरीची काही वैशिष्ट्ये या मोजमापात भर घालतात. रोमन अक्षरांसाठी केलेल्या टेम्प्लेटमध्ये ओळींमधले अंतर आणि मागच्या चौकोनाची उंची त्या लिपीपुरती असते. मराठी ओळीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय उतरतात. ‘कुर्डया’, ‘वर्षे’, ‘मूर्ती’ असे शब्द वरच्या ओळीतल्या उकाराला भिडतात किंवा चौकोनाच्या कडेवर कापले जातात. ओळींमधले अंतर अक्षराच्या उंचीच्या सुमारे 1.4 पट ठेवले तर ही टक्कर टळते. म्हणून 60 पिक्सेलच्या अक्षरांच्या दोन ओळींना 120 नव्हे, तर 170 च्या आसपास पिक्सेल लागतात आणि चौकोनाचा समास धरून ते 210 पर्यंत जातात. सीमारेषेशी तुलना करताना अक्षराची बैठक पाहू नये. सर्वांत खाली उतरणाऱ्या उकाराचे टोक पाहावे.

ॲप स्वतः तयार करते त्या सबटायटलचाही एक त्रास आहे. यूट्यूबवर प्रेक्षकाने आपल्या फोनवर सबटायटल चालू ठेवली असतील, तर व्हिडिओत आधीच उमटवलेल्या ओळींच्या जोडीला ॲपच्या ओळी येतात आणि कधीकधी एकमेकांवर चढतात. तो प्रेक्षकाचा पर्याय असल्याने टाकणाऱ्याच्या हातात फारसे नसते. पण इन्स्टाग्रामवर रील टाकताना आपोआप तयार होणाऱ्या ओळी जोडायच्या की नाही हे टाकणाराच ठरवतो. व्हिडिओत ओळी उमटवलेल्या असतील तर त्या जोडू नयेत.

काही ठिकाणी थर नेहमीपेक्षा उंच होतो. दोन खात्यांनी मिळून टाकलेल्या रीलमध्ये दोन नावे येतात. ठिकाणाचे नाव जोडले किंवा पैसे घेऊन केलेल्या प्रचाराची खूण लावली तर मजकूर वाढतो. वर्णन लांब असेल आणि प्रेक्षकाने ‘अधिक’वर बोट ठेवले, तर ते वर पसरून चित्राचा मोठा भाग झाकते, पण तेव्हा प्रेक्षक वर्णनच वाचत असतो, म्हणून त्याची चिंता करण्याचे कारण नाही. बाकीच्या वाढी मात्र अक्षरांवर घाला घालतात, आणि खालचे 35 टक्के मोकळे ठेवण्याचा नियम त्या सामावून घेण्याइतका ऐसपैस आहे.

पडद्याचा आकार हा वेगळाच मामला. आजचे बहुतेक फोन 16:9 पेक्षा लांबट असतात. 20:9 चे फोन सर्रास दिसतात. अशा पडद्यावर 9:16 चा व्हिडिओ दाखवताना ॲपपुढे दोन मार्ग असतात. खाली-वर काळी जागा सोडायची, किंवा चित्र उंचीभर ताणून डावी-उजवीकडून कापायचे. पूर्ण 20:9 पडदा भरायचा ठरला तर प्रत्येक बाजूचे 10 टक्के, म्हणजे 108 पिक्सेल बाहेर जातात. प्रत्यक्षात खालच्या पट्टीने थोडी उंची घेतलेली असते, म्हणून कापणी त्याहून कमी होते. तरी ओळीचे पहिले अक्षर अर्धे कापलेले दिसले की दोष बटणांचा नसून या ताणण्याचा आहे, हे ओळखता येते. 180 पिक्सेल सोडलेल्या संवादाच्या ओळींना याचा धक्का लागत नाही; 70 वर ठेवलेल्या लोगोला लागू शकतो. ज्यांचा प्रेक्षक लांबट फोनवर जास्त आहे, त्यांनी लोगो 120 वर, म्हणजे एक पूर्ण चौकोन सोडून ठेवावा.

रीलचे मुखपृष्ठ हाही याच हिशेबाचा भाग. खात्याच्या पानावर रील पूर्ण उभी दिसत नाही. जानेवारी 2025 मध्ये इन्स्टाग्रामने तिथले चौरस तुकडे बदलून 3:4 चे उभे केले. 1080 रुंदीला 1440 उंची मिळते, आणि चौकटीच्या मधोमध कापले तर 240 ते 1680 हा भाग उरतो. मुखपृष्ठावरचे शीर्षक 270 ते 1250 मध्येच ठेवले असेल तर ते व्हिडिओत आणि पानावर, दोन्हीकडे टिकते.

आकडे कितीही नेमके असले तरी खातरजमा प्रत्यक्ष फोनवर करावी लागते, आणि त्यासाठी दहा सेकंदांचा एक चाचणी व्हिडिओ पुरतो. जाळीतल्या प्रत्येक चौकोनात क्रमांक लिहायचा: आडव्या ओळींना 1 ते 16, उभ्यांना अ ते ए अशी नऊ अक्षरे. हे चित्र दहा सेकंद दाखवणारा व्हिडिओ यूट्यूबवर ‘प्रायव्हेट’ ठेवून आणि इन्स्टाग्रामवर एखाद्या खाजगी खात्यातून टाकायचा. वर्णन मुद्दाम लांब लिहायचे, गाणे जोडायचे, ठिकाण जोडायचे. मग दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर तो उघडून स्क्रीनशॉट घ्यायचे आणि कोणत्या चौकोनांचे क्रमांक वाचता येत नाहीत ते टिपायचे. एखादा चौकोन एका जरी फोनवर झाकलेला असेल, तर तो बंद समजायचा. खालच्या भागात ॲप एक गडद छटाही पसरते. तिथले क्रमांक वाचता आले तरी फिके दिसतात, तेही बंदच धरावेत.

एकच फाइल सगळीकडे टाकायची असेल, तर या स्क्रीनशॉटमधून प्रत्येक ॲपवर उघडे राहिलेले चौकोनच वापरावेत. यूट्यूब शॉर्ट्सच्या उजव्या रांगेत लाइक, डिसलाइक, कमेंट, शेअर आणि रीमिक्स अशी बटणे असतात. रीलच्या रांगेशी तिची जागा बरीच जुळते, पण तंतोतंत नाही, म्हणून दोन्हींचा एकत्रित नकाशा एकेकट्या नकाशापेक्षा थोडा अरुंद निघतो. हा नकाशा कायमचा नसतो. ॲप अद्ययावत झाल्यावर बटणे सरकलेली किंवा वाढलेली दिसली, की तोच जाळीचा व्हिडिओ पुन्हा उघडून नवे स्क्रीनशॉट घ्यावेत. व्हिडिओ तेव्हाच टाकलेला असल्याने तो पुन्हा करावा लागत नाही. ॲपचा नवा थर त्याच्यावर आपोआप चढलेला असतो.